रंगीत पोर्ट्रेट कृष्णधवल करताना त्वचा मऊ आणि भरीव कशी राहील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्ट्रेट पाठवून "हा ब्लॅक अँड व्हाइट केला, पण चेहरा मातकट का दिसतोय?" असं विचारणारे इतके आहेत, की तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, अडनिडे शेवटी आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सॅच्युरेशन शून्य केलं की फोटो कृष्णधवल होतोच ना? मग वेगळं काय करायचं?

होतो, पण कोणता रंग किती उजळ करड्यात जाणार हे तुमच्याऐवजी सॉफ्टवेअर ठरवतं. रंगीत फोटोतला प्रत्येक बिंदू म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. त्यांचा एकच करडा आकडा करायचा तर कुणाला किती वजन द्यायचं, हा प्रश्न येतो. सगळ्यात प्रचलित सूत्र हे आहे:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

हे वजन माणसाच्या डोळ्याला कुठला रंग किती उजळ वाटतो त्यावरून काढलेलं आहे. त्यात हिरव्याचा वाटा अर्ध्याहून जास्त. सर्वसाधारण दृश्यासाठी ते ठीक चालतं, पण चेहऱ्याच्या बाबतीत हिरवा हा काही सर्वांत प्रेमळ चॅनेल नाही (प्रश्न २). शिवाय काही अ‍ॅप्समधलं सॅच्युरेशन या सूत्राने चालतच नाही, तिथे निकाल आणखी वेगळा येतो. तेव्हा सॅच्युरेशनला हात न लावता असं साधन घ्या, ज्यात वजन तुम्ही ठरवता. फोटोशॉपमध्ये `Channel Mixer` किंवा `Black & White`, लाइटरूममध्ये `B&W Mix`, जिम्पमध्ये `Mono Mixer`.

२. "त्वचेसाठी लाल चॅनेल चांगला" असं सगळे सांगतात. का, ते कुणीच सांगत नाही.

कारण त्वचेतच आहे. त्वचेचा रंग मुख्यतः दोन गोष्टींमुळे येतो, मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन. मेलॅनिन निळ्या बाजूचा प्रकाश जास्त शोषतं आणि लाल बाजूचा कमी. हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा भरपूर शोषतं, लाल मात्र बराचसा सोडून देतं. म्हणजे मुरुमाची लाली, गालावरचे वांग, उन्हाने रापलेला पट्टा, नाकपुडीच्या कडेची लाली हे सगळं निळ्या आणि हिरव्या चॅनेलमध्ये गडद उमटतं, आणि लालमध्ये आजूबाजूच्या त्वचेत मिसळून जातं.

दुसरं कारण मला जास्त आवडतं. लाल प्रकाश त्वचेत खोलवर शिरतो, आत विखुरतो आणि मग बाहेर येतो. हात टॉर्चवर धरला की बोटं लाल चमकतात, ते हेच. आत विखुरून आलेल्या प्रकाशात पृष्ठभागावरची छिद्रं आणि बारीक सुरकुत्या आपोआप पुसट होतात. निळा प्रकाश जवळपास वरूनच परततो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये प्रत्येक छिद्र मोजता येतं. थोडक्यात, ज्या मऊपणासाठी लोक ब्लर मारत बसतात, तो लाल चॅनेलमध्ये कॅमेऱ्याने आधीच टिपलेला असतो.

गोरी, गव्हाळ, सावळी, काळी अशा सगळ्या त्वचांना हे लागू आहे. माणसाची त्वचा रंगचक्रात जवळपास नेहमी नारिंगीच्या आसपासच पडते. फरक असतो तो उजळपणाचा आणि रंगाच्या गडदपणाचा.

पाहायचं असेल तर फोटोशॉपमध्ये `Channels` पॅनेल उघडा आणि `Red`, `Green`, `Blue` यांवर एकेकदा क्लिक करा. तोच चेहरा तीन वयांचा दिसेल.

३. मग फक्त लाल चॅनेल घेऊन मोकळं व्हावं का? एखादं उदाहरण आकड्यांसकट द्याल?

फक्त लाल घेतला की कुंकू जातं. हे उदाहरण माझ्या मावशीच्या फोटोचं. खिडकीच्या उजेडात बसलेली, गव्हाळ रंग, कपाळाला ठसठशीत लाल कुंकू, अंगावर गर्द हिरवी साडी, गालावर जुने वांग. फोटोशॉपच्या `Info` पॅनेलमध्ये चार जागांचे आकडे टिपले आणि सोयीसाठी पूर्णांकात आणले. गालाची उजळ त्वचा 190, 140, 110. वांगाचा डाग 175, 110, 80. कुंकू 170, 30, 40. साडी 30, 100, 60. प्रत्येकात क्रम लाल, हिरवा, निळा असा.

प्रश्न १ मधलं सूत्र लावलं तर त्वचा 152 येते, वांग 126, कुंकू 73 आणि साडी 75. पहिली गडबड इथेच दिसते. रंगीत फोटोत एकमेकांना भिडणारे लाल आणि हिरवा करड्यात एकच होऊन बसले. वांगही ठळक आहे, त्वचेपेक्षा 26 पायऱ्या खाली.

आता नुसता लाल चॅनेल घेऊ. त्वचा 190, वांग 175, साडी 30. वांगाचा फरक 15 वर आला, छानच. पण कुंकू 170. एवढ्या उजळ कपाळावर ते नीट दिसतच नाही. फोटो पाहून मावशीचा पहिला प्रश्न काय असणार, हे वेगळं सांगायला नको.

मग `Channel Mixer` मध्ये `Monochrome` वर टिक करून लाल 60, हिरवा 40, निळा 0 ठेवलं. त्वचा 170, वांग 149, कुंकू 114, साडी 58. कुंकू स्पष्ट दिसतं, साडीपासून वेगळं पडतं, आणि वांगाचा फरक 21 वर आला. नुसता आकडा पाहिला तर 26 वरून 21 म्हणजे काही मोठं वाटत नाही. पण त्वचाही उजळ झाली आहे, म्हणून प्रमाण पाहा. आधी वांग त्वचेपेक्षा सुमारे 17 टक्के गडद होतं, आता 12 टक्के. डाग पुसला गेला नाही, फक्त ओरडायचा थांबला. मला तेवढंच हवं होतं. मावशीच्या गालावर ते वांग तीस वर्षं आहेत.

तिन्ही आकड्यांची बेरीज 100 ठेवा, म्हणजे फोटोचा एकूण उजेड साधारण जागेवर राहतो. निळ्याला शून्य दिलं म्हणून घाबरू नका. चेहऱ्यापुरतं बोलायचं तर निळा चॅनेल बहुतेक वेळा छिद्रं आणि नॉइज एवढंच आणतो.

४. मी लाइटरूम वापरतो. तिथे चॅनेल नाहीत, आठ रंगांचे स्लायडर आहेत. कुठला किती सरकवायचा?

आधी `V` दाबा, फोटो कृष्णधवल होईल आणि `B&W Mix` उघडेल. त्वचा बहुतांश `Orange` मध्ये असते, थोडी `Red` मध्ये आणि थोडी `Yellow` मध्ये. ओठ, कुंकू, लिपस्टिक, गालांची लाली हे `Red` चं राज्य.

माझी सुरुवात `Orange` +15 ते +20, `Yellow` +10 आणि `Red` शून्याच्या जवळपास अशी असते. मग मागची भिंत आणि कपडे कुठल्या रंगाचे आहेत त्याप्रमाणे `Green` आणि `Blue` खाली-वर. मावशीच्या मागे निळसर चुन्याची भिंत होती, ती `Blue` -25 वर नेली तेव्हा चेहरा पुढे आला. इथे स्लायडरचा खरा फायदा कळतो. चॅनेल मिक्सरमध्ये भिंत आणि चेहरा एकाच मापाने हलतात, इथे त्यांना वेगवेगळं हलवता येतं.

आकडे पाठ करू नका. पॅनेलच्या कोपऱ्यातलं गोल निशाणाचं साधन उचला, गालावर ठेवा आणि माउस दाबून वर-खाली ओढा. त्या जागेवर ज्या रंगांचं मिश्रण आहे ते स्लायडर लाइटरूम आपण होऊन हलवतं.

एक गोष्ट मात्र आधी करायची, व्हाइट बॅलन्स. फोटो रंगीत असतानाच तो नीट बसवा. फोटो निळसर असेल तर त्वचा नारिंगीतून सरकलेली असते आणि `Orange` ओढून हवं ते मिळत नाही. उलट कृष्णधवल केल्यावर `Temp` थोडं उबदार बाजूला नेलं तर चेहरा आपोआप उजळतो. कधीकधी तेवढ्यावरच काम भागतं.

५. ऑरेंज +50 केलं तर गालावर आणि नाकाशेजारी चट्टे दिसायला लागले. आधी तर नव्हते.

होते, फक्त रंगाच्या रूपात होते. चेहरा एकाच रंगाचा नसतो. कपाळ थोडं पिवळट, गाल आणि नाक लालसर, हनुवटीखाली वेगळीच छटा. तुम्ही `Orange` खूप वर नेलं आणि `Red` शून्यावर किंवा खाली ठेवलं, की गालाचा नारिंगी भाग उजळतो आणि त्याला लागून असलेला लालसर भाग मागे राहतो. दोघांच्या सीमेवर नकाशासारखी रेघ उमटते. तोच तुमचा चट्टा.

शेजारच्या दोन स्लायडरमध्ये 20–25 पेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, हा माझा अनुभवाने बसलेला नियम. `Orange` ला 40 हवंच असेल तर `Red` ला 20 आणि `Yellow` ला 25 असं सोबत न्या. 100 टक्के झूम करून नाकपुडीची कड आणि कानाची पाळी पाहा. चट्टे तिथे सगळ्यात आधी येतात.

अंतर कमी करूनही भागत नसेल तर दुखणं रंगातच आहे, ते रंगातच मिटवा. म्हणजे कृष्णधवल करण्याआधी त्वचेचे रंग एकमेकांजवळ आणा. कॅप्चर वनमध्ये `Skin Tone` टॅबखाली `Uniformity` चे स्लायडर यासाठीच आहेत. लाइटरूममध्ये फोटो रंगीत असतानाच लालसर भागावर ब्रशने मास्क लावून `Hue` थोडा पिवळ्याकडे सरकवा. चेहरा रंगात एकसारखा झाला की करड्यातही शांत उतरतो.

फाइल जेपीईजी असेल तर चट्ट्यांचं आणखी एक कारण असू शकतं, ते प्रश्न ९ मध्ये.

६. त्वचा मऊ झाली, पण आता चेहरा पिठासारखा पांढरट आणि सपाट दिसतो.

लालला वजन दिल्याची ही किंमत आहे. प्रश्न ३ मध्ये पाहिलंत तर त्वचा 152 वरून 170 वर गेली. डाग गेले, त्यांच्यासोबत वजनही गेलं. बरेच जण इथे घाबरून पुन्हा हिरव्याकडे वळतात. तसं करू नका. मऊपणा मिक्समधून घ्यायचा आणि भरीवपणा कर्व्हमधून, ही दोन वेगळी कामं आहेत. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कर्व्ह उघडा. उजळ गालाच्या जागी, म्हणजे 170 वर, एक बिंदू टाका आणि तो 150 पर्यंत खाली ओढा. मग 230 च्या आसपास दुसरा बिंदू टाकून तो जागेवरच रोखून धरा, म्हणजे कपाळावरची आणि नाकाच्या शेंड्यावरची चमक मरणार नाही. आता गाल आणि चमक यांच्यामध्ये कर्व्ह जास्त उभा झाला. चेहऱ्याची गोलाई दिसते ती याच पट्ट्यात. जुन्या स्टुडिओतल्या चांगल्या प्रिंटमध्ये गाल "भरलेला" वाटतो तो इथल्याच पायऱ्यांमुळे. तिथे त्वचा पांढरी नसते, मधल्या करड्यात असते, आणि पांढरा रंग फक्त चमकेच्या ठिपक्यांपुरता राखून ठेवलेला असतो.

लाइटरूममध्ये कर्सर गालावर नेला की हिस्टोग्रामखाली टक्केवारी दिसते. गव्हाळ त्वचेची उजेडाकडची बाजू मी 55 ते 65 टक्क्यांत ठेवतो. 75 च्या पुढे गेली की मला पीठ दिसायला लागतं.

७. सावळ्या किंवा काळ्या त्वचेला हेच करायचं का? ग्राहक म्हणतात, "जरा उजळ करा."

मिक्स तेच, कर्व्ह वेगळा. सावळ्या त्वचेत निळा चॅनेल तळाला टेकलेला असतो, म्हणून लालचा उपयोग इथे आणखी जास्त. समजा गालाची उजेडातली बाजू 95, 60, 42 आहे आणि सावलीतली 45, 22, 14. दोन्हींमधलं अंतर लालमध्ये 50 पायऱ्यांचं आहे, हिरव्यात 38 आणि निळ्यात फक्त 28. चेहऱ्याचा आकार दाखवायला जेवढ्या जास्त पायऱ्या हातात तेवढं बरं.

पण म्हणून ती त्वचा गव्हाळाच्या आकड्यांवर नेऊन बसवायची नाही. तसं केलं की सावल्या राखाडी होतात, नॉइज वर येतो आणि माणूस ओळखू येत नाही. काळी त्वचा भरीव दिसते ती चमकेमुळे. कपाळ, गालफडं, नाकाची रेघ इथला प्रकाश 70–75 टक्क्यांपर्यंत जाऊ द्या आणि बाकीचा चेहरा 30 ते 45 टक्क्यांत राहू द्या. `Highlights` फार खाली ओढलं तर हीच चमक तेलकट करडी होते. ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

ग्राहकाचं म्हणाल, तर मी गोरं करत नाही, उजेड वाढवून देतो. डोळ्यांच्या बुबुळाजवळ आणि चमकेच्या जागी थोडा डॉज केला की दहापैकी नऊ वेळा "हां, आता उजळ आला" असं उत्तर येतं. त्वचेचा मूळ आकडा हललेलाच नसतो.

८. ओठ चेहऱ्यात विरघळून गेलेत आणि टिकली दिसत नाही. सगळं मिक्स पुन्हा करावं लागेल?

नाही. लाइटरूममध्ये `Red` एकटाच -10 ते -15 करून पाहा, पण प्रश्न ५ मधलं अंतर सांभाळून. तेवढ्याने गाल बिघडत असतील तर मिक्स आहे तसं सोडा आणि ओठांवर ब्रशने मास्क लावून `Exposure` अर्धा स्टॉप खाली न्या. फोटोशॉपमध्ये याहून सुंदर उपाय आहे. एकावर एक दोन `Channel Mixer` थर ठेवा, खालचा त्वचेसाठी लाल-जास्त आणि वरचा हिरवा 100. वरच्याचा मास्क काळा करून फक्त ओठ आणि कुंकू पांढऱ्या ब्रशने उघडा. मात्र वरचा थर लावण्याआधी फोटो कृष्णधवल होता कामा नये, नाहीतर त्याच्यापर्यंत रंग पोहोचतच नाहीत. म्हणून हिरव्याचा थर क्रमाने खाली ठेवायचा आणि त्वचेचा वर. हो, आधी उलट सांगितलं आणि मग बदललं, कारण वर्गात सगळे पहिल्यांदा उलटंच करतात.

काळी टिकली असेल तर काहीच करावं लागत नाही. ती कुठल्याही चॅनेलमध्ये काळीच.

९. रॉ लागतंच का? मला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय.

सौम्य मिक्ससाठी जेपीईजी चालतं. जोर लावला की फाटतं. जेपीईजी वजन कमी करण्यासाठी उजळपणाची माहिती बऱ्यापैकी पूर्ण ठेवतं, रंगाची मात्र कापतं. बहुतेक जेपीईजीत चार बिंदूंमागे रंगाचा एकच नमुना उरतो, तोही चौकोनी ठोकळ्यांत दाबलेला. रंगीत पाहताना डोळ्याला ते कळत नाही. पण `B&W Mix` नेमकं त्या रंगाचंच उजळपणात रूपांतर करतं, म्हणून लपलेले ठोकळे गालावर उघडे पडतात. व्हॉट्सअ‍ॅपने साधा फोटो म्हणून पाठवताना तो आणखी दाबलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या, मूळ फाइल मिळेल.

तेवढाच फोटो हाताशी असेल तर स्लायडर विसरा आणि `Channel Mixer` मध्ये 45, 50, 5 असं साधंच वजन द्या. हिरव्यात उजळपणाची माहिती सगळ्यात जास्त असते, त्यामुळे ठोकळे कमी दिसतात. मऊपणा थोडा कमी मिळेल. फोटोशॉपमध्ये काम 16 बिटमध्ये करा, म्हणजे कर्व्ह ओढल्यावर कपाळावर पायऱ्या पडत नाहीत. पण 8 बिटची फाइल 16 केल्याने गेलेली माहिती परत येत नाही, हेही खरं.

१०. छिद्रं घालवायला क्लॅरिटी मायनस करतो. चुकीचं आहे का?

-10 पर्यंत चालेल. त्यापुढे चेहऱ्यावर दुधाळ पडदा येतो. `Texture` -10 ते -20 आणि तेही फक्त त्वचेवर मास्क लावून, हा बरा पर्याय. डोळे, भुवया, केस, नथीचे मोती यांना हात लावू नका. चेहऱ्यावर एक जागा तरी धारदार हवी, तरच बाकीचं मऊ वाटतं, नाहीतर सगळाच फोटो हललेला दिसतो. शेवटी थोडा ग्रेन घातला की जास्त गुळगुळीत झालेली त्वचा पुन्हा त्वचेसारखी दिसते. पण हे सगळं मिक्स ठरल्यावर. आधी ब्लर मारून मग मिक्स शोधणं म्हणजे भाजी करपल्यावर गॅस कमी करणं.

११. आजोबांचा फोटो आहे. सुरकुत्या मला हव्या आहेत.

मग प्रश्न २ उलटा वाचा. हिरव्याला 70–80 द्या आणि लाल कमी करा. निळा 10 पर्यंत चालेल, जास्त दिला तर नॉइज वाढतो, कारण नेहमीच्या सेन्सरवर अर्धे बिंदू हिरव्याचे असतात आणि निळ्याचे फक्त पाव.

पूर्वीच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळपास दिसतच नसे. म्हणून तिच्यावर काढलेल्या चेहऱ्यांत ओठ गडद, त्वचा खरबरीत आणि प्रत्येक रेघ कोरलेली दिसते. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला सगळे रंग दिसत. तरी पुरुषांच्या पोर्ट्रेटसाठी भिंगावर हिरवट फिल्टर लावण्याची पद्धत होतीच. तुम्ही हिरवा स्लायडर वर नेता तेव्हा तेच करत असता.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं मात्र या मिक्समध्ये भयंकर होतात. तेवढी जागा वेगळी डॉज करा. अर्धीच उजळवा, पूर्ण पुसली तर आजोबा ओळखू येणार नाहीत.

१२. हळदीच्या कार्यक्रमातले फोटो कृष्णधवल केले. कधी हळद गायब होते, कधी नवरीच्या तोंडाला चिखल फासल्यासारखा दिसतो.

दोन्ही प्रकार बरोबर ओळखलेत. हळद लाल आणि हिरवा परतवते, निळा गिळते. समजा त्वचा प्रश्न ३ मधलीच, आणि तिच्यावरची ओली हळद 215, 160, 40. नेहमीच्या सूत्राने हळद 163 येते आणि त्वचा 152. एवढ्या जवळ, की हळद लावल्याचं कळतच नाही. निळ्याला जरा वजन दिलंत की हळद त्वचेपेक्षा खाली जाते आणि चिखल होतो.

60-40-0 च्या मिक्समध्ये हळद 193 आणि त्वचा 170. हळद उजळ लेपासारखी दिसते, आणि डोळ्याला तेच पटतं. लाइटरूममध्ये `Yellow` +25 ते +30 आणि `Orange` +10 असं करा, कारण हळद `Yellow` मध्ये आहे आणि त्वचा `Orange` मध्ये. या एका प्रसंगात पिवळा नारिंगीच्या वर जायला हवा. खरं सांगायचं तर हळदीचे दहापैकी सहा फोटो रंगीतच ठेवावेत.

१३. स्टेजवर जांभळे-निळे एलईडी होते. चेहरा जवळपास काळाच पडला.

जांभळ्या उजेडात हिरवा चॅनेल जवळजवळ रिकामा असतो, आणि नेहमीच्या सूत्रात अर्ध्याहून जास्त वजन त्याचंच. म्हणून चेहरा काळा. इथे `Channel Mixer` मध्ये लाल 85–90 आणि उरलेलं निळ्याला द्या. उजेड निव्वळ निळा असेल तर लालमध्येही काही नाही. मग निळा 100 घ्यावा लागतो आणि त्याच्यासोबत येणारी छिद्रं, नॉइज सगळं स्वीकारावं लागतं. तेव्हा ग्रेन घालून त्याला शैली म्हणायचं, दुसरा मार्ग नाही. `B&W Mix` अशा फोटोंवर वापरू नका, सीमेवर ठोकळे पडतात.

पिवळ्या बल्बचा त्रास उलटा. तिथे लाल सगळ्यात आधी फुटतो आणि कपाळावर सपाट पांढरा डाग राहतो, ज्यात एकही रेषा नसते. आधी रॉमध्ये `Exposure` खाली घेऊन पाहा. तरी डाग सपाटच राहिला तर त्या भागापुरता हिरवा वापरा, थरांची रीत प्रश्न ८ मध्ये आहे.

१४. कॅमेऱ्यातच मोनोक्रोम लावून काढला तर?

रॉ + जेपीईजी ठेवा. स्क्रीनवर कृष्णधवल दिसेल, प्रकाश वाचायला मदत होईल आणि रॉमध्ये रंग शाबूत राहतील. फक्त जेपीईजी काढलात तर वरचं काहीही करता येणार नाही. 2012 साली आलेल्या लायका एम मोनोक्रोमसारख्या कॅमेऱ्यांत सेन्सरवर रंगाचे फिल्टरच नसतात, तिथे नंतर मिक्स करायला काही उरत नाही. पिवळा किंवा नारिंगी फिल्टर भिंगावरच लावावा लागतो.

१५. मोबाईलवर होईल का?

लाइटरूमच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये प्रश्न ४ मधलं सगळं जमतं. स्नॅपसीडच्या कृष्णधवल साधनात रंगीत फिल्टर निवडता येतो. चेहऱ्यासाठी नारिंगी घ्या. लाल घेतलात तर ओठांचा निरोप घ्या.

१६. स्क्रीनवर मस्त दिसतं, प्रिंट हिरवट किंवा गुलाबी येतं.

बहुतेक लॅब कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत कागदावरच काढतात. म्हणजे करडा रंग तीन रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतो. त्यातलं एक जरा जास्त झालं की छटा येते, आणि त्वचेच्या मधल्या करड्यात ती लगेच डोळ्यात भरते. एका लॅबने मला मावशीचे बारा प्रिंट पाठवले, त्यातले पाच हिरवट आणि सात गुलाबी. तेव्हापासून मी आधी 4×6 चा एक तुकडा काढून घेतो आणि तो खिडकीशी पाहतो, ट्यूबलाइटखाली नाही.

फाइल एसआरजीबीमध्ये पाठवा, `Grayscale` मोडमध्ये नको, काही मशीन ती गोंधळून वाचतात. आणि हलकी उबदार छटा स्वतःच घाला. लाइटरूमच्या `Color Grading` मध्ये सावल्या आणि मधले टोन दोन्हींना `Hue` 38–40, `Saturation` 5–6. लॅबचा थोडाफार झोल त्याखाली झाकला जातो. घरी करड्या शाईच्या एकाहून जास्त बाटल्या असलेला इंकजेट असेल तर हे काहीच करावं लागत नाही. मॅट कागदावर मात्र प्रिंट स्क्रीनपेक्षा गडद उतरतं, म्हणून त्याच्यासाठी त्वचा 5 टक्के वर घेऊन वेगळी फाइल ठेवा.